क्लोजिंगच्या आठवड्यात रजा: अर्ज कसा लिहावा

महिनाअखेरच्या रजेचा अर्ज वाचणारा माणूस कारण सगळ्यात शेवटी वाचतो. आधी त्याची नजर तारखांवर जाते, आणि त्या तारखा क्लोजिंगमध्ये पडतात हे दिसलं की त्याच्या डोक्यात एकच हिशोब सुरू होतो: या माणसाकडची कोणती कामं त्या दिवसांत अडकतील, आणि ती कोणाच्या गळ्यात पडतील? अर्जात त्याचं उत्तर नसेल तर तो स्वतः ते शोधू लागतो, आणि घाईत असलेला माणूस नेहमी वाईटातलं वाईट उत्तर काढतो. बरीच वर्षं अकाउंट्सचा विभाग सांभाळताना असे अर्ज माझ्या टेबलावर येत राहिले. मंजूर झालेल्या आणि अडलेल्या अर्जांत कारणांचा फरक फारसा नसे. लग्नं दोन्हीकडे असत, आजारपणं दोन्हीकडे असत. फरक असे तो कामाबद्दल काय लिहिलंय यात.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. भोसरीत सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे असं धरा. अकाउंट्सला चार माणसं. त्यातल्या एकीकडे पुरवठादारांची बिलं, टीडीएस आणि बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे आपण रोजच्या बोलण्यात बीआरएस म्हणतो ते. नोव्हेंबर संपतो सोमवारी, ३० तारखेला. कंपनीची रीत अशी की पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत पुस्तकं बंद करायची आणि ८ तारखेला मालकांच्या हातात एमआयएस द्यायचा. आणि हिच्या सख्ख्या भावाचं लग्न सांगलीला, शुक्रवारी, ४ डिसेंबरला. गुरुवारी हळद, शनिवारी घरी सत्यनारायण. तिला बुधवार २ ते शनिवार ५ अशी चार दिवसांची रजा हवी आहे. याहून अडचणीचे चार दिवस शोधूनही सापडणार नाहीत.

अशा वेळी बहुतेक जण जो अर्ज लिहितात तो साधारण असा असतो:

«आदरणीय सर, माझ्या सख्ख्या भावाचे लग्न असल्याने मला रजा घेणे अत्यंत गरजेचे आहे. क्लोजिंग आहे याची मला पूर्ण कल्पना आहे, तरी कृपया समजून घ्यावे. मी माझी सर्व कामे मॅनेज करीन आणि फोनवर उपलब्ध राहीन. तरी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चार-पाच दिवस रजा मिळावी ही नम्र विनंती. तसदीबद्दल क्षमस्व.»

यात उद्धट काही नाही, खोटंही काही नाही. पण साहेबांना हवं ते एकही वाक्य नाही. ‘चार-पाच दिवस’ म्हणजे चार की पाच? पाच असतील तर ७ तारीख धोक्यात येते. ‘पूर्ण कल्पना आहे’ हे वाक्य तर उलटं काम करतं. कल्पना असूनही पुढे कामाचा तपशील नसल्यामुळे साहेबांना वाटतं, हिने विचार केलेला नाही, फक्त दिलगिरी व्यक्त केली आहे. आणि ‘मॅनेज करीन’ हे या अर्जातलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य. जो माणूस सांगलीच्या कार्यालयात पाहुण्यांची सोय बघत उभा असणार आहे तो भोसरीतलं नेमकं काय मॅनेज करणार, हे वाचणाऱ्याला कळत नाही आणि लिहिणाऱ्यालाही माहीत नसतं.

म्हणून अर्ज लिहायला बसण्याआधी कागदावर स्वतःच्या कामांची यादी करायची. सबंध क्लोजिंगची नव्हे, फक्त आपल्या नावावरची. प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न: हे काम कोणत्या तारखेच्या आधी होऊच शकत नाही, आणि कोणत्या तारखेच्या पुढे जाऊच शकत नाही? क्लोजिंगचा आठवडा बाहेरून एकसंध गोळ्यासारखा दिसतो, पण आत शिरलं की त्यातली बरीच कामं सरकवता येण्याजोगी निघतात.

आपल्या उदाहरणात बघू. बीआरएससाठी ३० नोव्हेंबरपर्यंतचं बँक स्टेटमेंट लागतं. ते १ तारखेला सकाळी मिळतं. महिन्यातल्या नोंदी २८ तारखेपर्यंत जुळवून ठेवल्या असतील, तर उरलेल्या दोन दिवसांच्या नोंदी १ तारखेला संध्याकाळपर्यंत सहज होतात. म्हणजे बीआरएस रजेच्या बाहेर पडलं.

पुरवठादारांची बिलं जरा चिवट. माल नोव्हेंबरात येतो, स्टोअरमध्ये जीआरएन होतो, पण बिल मात्र ३ किंवा ४ डिसेंबरला येतं. इथे बहुतेकांचा समज असतो की बिल आल्याशिवाय महिना बंद होत नाही, म्हणून बिलं नोंदवणारा माणूस ५ तारखेपर्यंत हलता कामा नये. प्रत्यक्षात महिना बंद करायला बिल लागत नाही, प्रोव्हिजन लागते. ज्या जीआरएनचं बिल आलेलं नाही त्यांची यादी १ तारखेला स्टोअरकडून घ्यायची, पर्चेस ऑर्डरच्या दराने रक्कम काढायची आणि एकच प्रोव्हिजनची नोंद टाकायची. बिल नंतर आलं की ती उलटवायची. वीज, वाहतूक, कंत्राटी मजुरी यांचंही तसंच. मीटरचं रीडिंग, एलआरची यादी आणि हजेरी हाताशी असली की रक्कम बरीच जवळ जाते. म्हणजे हे कामही १ तारखेला संपतं. उरतात रिजेक्शनच्या डेबिट नोटा. त्यांची यादी क्वालिटी विभाग ३ तारखेपर्यंत देतो, आणि ती आधी मिळण्याची शक्यता नाही. हे काम मात्र कोणाला तरी द्यावं लागेल.

राहिला टीडीएस. नोव्हेंबरात कापलेला टीडीएस ७ डिसेंबरपर्यंत सरकारजमा व्हायला हवा. आपली नायिका ७ तारखेला, सोमवारी, हजर होणार आहे, म्हणून वरवर पाहता प्रश्न नाही. पण साहेबांच्या डोक्यात नेमका हाच प्रश्न सगळ्यात मोठा असतो. रविवारी रात्रीची गाडी चुकली तर? पाहुण्यांच्या गर्दीत ताप आला तर? टीडीएस कापून भरायला उशीर झाला की दरमहा दीड टक्का व्याज लागतं, आणि ते ७ तारखेपासून मोजत नाहीत, कापल्याच्या तारखेपासून मोजतात. महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरला जातो. नोव्हेंबरात कापलेले ८०,००० रुपये ७ ऐवजी ८ डिसेंबरला भरले, तर ट्रेसेसची नोटीस येते ती दोन महिन्यांच्या, म्हणजे तीन टक्क्यांच्या व्याजाची: २,४०० रुपये. एका दिवसाच्या उशिराला. रक्कम कंपनी बुडवणारी नाही, पण ऑडिटमध्ये ती ओळ दिसते आणि तिचं उत्तर साहेबांना द्यावं लागतं.

यावर उपाय सोपा आहे आणि आश्चर्य म्हणजे तो फार थोड्यांना सुचतो. टीडीएस ७ तारखेलाच भरला पाहिजे असं कुठे म्हटलेलं नाही. १ तारखेपर्यंत नोंदवलेल्या बिलांवरचा आणि प्रोव्हिजनवरचा टीडीएस १ तारखेलाच भरून टाकायचा. नंतर दोन-चार बिलांमुळे काही वाढलं तर त्याचं वेगळं, छोटं चलान ७ तारखेला भरायचं. मुख्य चलान भरलेलं असलं की ७ तारखेची भीतीच निघून जाते, आणि अर्जात लिहायला एक भक्कम वाक्य मिळतं.

आता यादीत नसलेली, पण रजा सगळ्यात जास्त वेळा नासवणारी गोष्ट: ओटीपी. बँकेत पेमेंट टाकणारा मेकर एक आणि ते मंजूर करणारा चेकर दुसरा, अशी व्यवस्था असते. मेकरचा ओटीपी त्याच्याच मोबाइलवर येतो. मग हळदीच्या वेळी फोन वाजतो, “मॅडम, जरा ओटीपी सांगता का?” ओटीपी दुसऱ्याला सांगायचा नाही हा बँकेचा नियम आहेच. शिवाय आपल्या नावाने दुसऱ्याने पेमेंट टाकलं आणि रक्कम चुकली, तर जबाबदारी कोणाची याचं उत्तर कागदावर आपलंच नाव देतं. दुसरा मेकर बँकेत नोंदवायचा तर कंपनीचं पत्र, अधिकृत सह्या, कधी संचालकांचा ठराव लागतो, आणि बँक त्याला काही दिवस घेते. रजेच्या आदल्या दिवशी हे सुचून उपयोग नसतो. तीच गोष्ट जीएसटी पोर्टलची. ११ तारखेच्या जीएसटीआर-१ साठी ओटीपी ज्या मोबाइलवर जातो तो नंबर कोणाचा आहे, कंपनीची डिजिटल सही कोणाच्या कपाटात आहे, टॅलीत डेबिट नोटा नोंदवण्याचा हक्क दुसऱ्या कोणाच्या लॉगिनला आहे का, हे अर्जाच्या आधी तपासायचं. या तिन्हींपैकी एक जरी अडली, तरी आपल्या जागी काम करणारा माणूस कितीही हुशार असला तरी हात बांधून बसेल.

मग येतो तो माणूस. डेबिट नोटा आणि उशिरा आलेली बिलं पवार बघू शकतात असं समजू. बऱ्याच अर्जांत लिहिलेलं असतं, ‘माझे काम पवार पाहतील’, आणि पवारांना ते साहेबांच्या तोंडून कळतं. यापेक्षा वाईट सुरुवात नाही. पवारांशी आधी बोलायचं, आणि ‘जरा माझं काम बघाल का’ असं मोघम बोलायचं नाही. मोघम विनंतीला माणूस भिडेखातर हो म्हणतो आणि वेळ आली की कामाचा आकार बघून हबकतो. असं सांगायचं: “पवार, ३ तारखेला क्वालिटीची रिजेक्शनची यादी येईल. त्याच्या डेबिट नोटा करायच्या आहेत, तुमचा अर्धा दिवस जाईल. उशिरा आलेली बिलं नुसती तारीख टाकून फाइलला लावून ठेवा, नोंद मी सोमवारी करीन. तुमच्याकडचं त्या दिवशीचं काही मी आधी करून देऊ का?” पवार हो म्हणाले की मगच त्यांचं नाव अर्जात. ते नाही म्हणाले, तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

अर्ज कधी द्यायचा, हेही साहेबांच्या कॅलेंडरवरून ठरवावं. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या सात दिवसांत ते स्वतःच क्लोजिंगमध्ये असतात, ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी. २१ ते २५ हे चार-पाच दिवस जरा श्वास घेण्याचे. डिसेंबरच्या रजेबद्दल ऑक्टोबरच्या २१ ते २५ दरम्यान तोंडी बोलावं आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लेखी द्यावं. आधी तोंडी, मग लेखी, हा क्रम उलटा करू नये. थेट मेल आला की साहेबांना वाटतं आपल्याला कळवलं जातंय, विचारलं जात नाहीये. आणि नुसतं तोंडी राहिलं तर क्लोजिंगच्या धामधुमीत ते खरोखर विसरतात. लेखी अर्ज वेळेत असण्याला कायद्याच्या नजरेतही किंमत आहे. दुकानं आणि कार्यालयांना लागू असलेल्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात साठवता येणाऱ्या रजेला ४५ दिवसांची मर्यादा आहे, पण पंधरा दिवस आधी मागितलेली रजा नाकारली गेली असेल तर त्या मर्यादेवरच्या रजेचे पैसे मागण्याचा हक्क मिळतो. तारीख टाकलेला कागद नसेल तर हे सिद्ध कशावरून करणार?

एवढी तयारी झाल्यावर अर्ज स्वतःच लिहिला जातो. तो असा:

«विषय: २ ते ५ डिसेंबर (बुधवार ते शनिवार) रजा आणि नोव्हेंबर क्लोजिंगची व्यवस्था

कुलकर्णी सर,

काल बोलल्याप्रमाणे, माझ्या भावाच्या लग्नासाठी २ ते ५ डिसेंबर अशी चार दिवसांची रजा मंजूर करावी ही विनंती. सोमवार, ७ डिसेंबरला सकाळी मी कामावर हजर असेन.

हे दिवस क्लोजिंगचे असल्याने माझ्याकडील कामांची व्यवस्था पुढीलप्रमाणे करीत आहे. बीआरएस आणि बिल न आलेल्या जीआरएनची प्रोव्हिजन १ तारखेला संध्याकाळपर्यंत पूर्ण करून आपल्याला तपासायला देईन. १ तारखेपर्यंतच्या नोंदींवरचा टीडीएस त्याच दिवशी भरायचा प्रस्ताव आहे. त्यासाठी दुपारी चारपर्यंत आपली बँक मंजुरी लागेल. रिजेक्शनच्या डेबिट नोटा ३ तारखेला पवार करतील. त्यांच्याशी बोलणे झाले आहे. त्यांच्या लॉगिनला तो हक्क द्यावा लागेल.

२ ते ५ दरम्यान आलेली नोव्हेंबरची बिले मात्र नोंदवली जाणार नाहीत. त्यांची रक्कम प्रोव्हिजनमध्ये आलेली असेल. नोंद आणि फरकाचा टीडीएस मी ७ तारखेला करीन. ७ ला काही कारणाने मला पोचता आले नाही, तर चलानाचे काम पवारांना करता यावे म्हणून त्यांचे नाव बँकेत दुसरा मेकर म्हणून नोंदवावे, अशी विनंती आहे. पत्राचा मसुदा सोबत जोडला आहे.

२, ३ आणि ५ तारखेला दुपारी चार ते पाच मी फोनवर असेन. ४ तारखेला लग्न असल्याने फोन घेता येणार नाही.»

हा अर्ज पहिल्यापेक्षा लांब आहे, पण वाचणाऱ्याचा वेळ कमी घेतो, कारण त्याला परत काही विचारावं लागत नाही. काही वाक्यांकडे जरा थांबून बघू.

तारखांबरोबर वार आहेत आणि परत येण्याचा दिवस वेगळ्या वाक्यात आहे. ‘२ ते ५’ वाचताना ५ धरून की सोडून असा घोळ होतो, तो ‘सोमवारी हजर’ या शब्दांनी मिटतो. कारण एका तुकड्यात आटोपलं आहे. ‘एकुलता एक भाऊ’, ‘आईची फार इच्छा’, ‘पुन्हा असा प्रसंग येणार नाही’ यातलं काही नाही. कारण जितकं लांबवावं तितका वाचणारा त्याचं वजन करायला लागतो, आणि भावाच्या लग्नाचं वजन साहेबांनी करावं अशी वेळ आपणच का आणायची? लग्नपत्रिका मात्र आठवणीने द्यावी. तो वेगळा व्यवहार आहे.

‘बिले मात्र नोंदवली जाणार नाहीत’ हे वाक्य लिहायला लोक घाबरतात. माझ्या मते अर्जातलं सगळ्यात कामाचं वाक्य हेच. सगळं नीट होईल असं सांगणाऱ्या अर्जावर अनुभवी माणूस विश्वास ठेवत नाही, कारण चार दिवस माणूस नसताना सगळं नीट होत नाही हे त्याला ठाऊक असतं. काय राहणार आहे, किती राहणार आहे आणि ते कधी भरून निघेल हे आपणच सांगितलं, की बाकीच्या ओळीही खऱ्या वाटायला लागतात. फोनचंही तसंच. ‘केव्हाही फोन करा’ असं लिहिणारा माणूस अक्षतांच्या वेळी फोन उचलणार नसतो. मग न उचललेला एक फोन चार दिवसांच्या व्यवस्थेवर पाणी फिरवतो. चार ते पाच ही वेळ दिली की लोक प्रश्न साठवून ठेवतात, आणि निम्मे प्रश्न चारच्या आत त्यांचे तेच सुटतात.

साहेबांनी करायच्या गोष्टी स्पष्ट मागितल्या आहेत: १ तारखेची बँक मंजुरी, लॉगिनचा हक्क आणि बँकेला द्यायच्या पत्रावर सही. या तीन गोष्टींना त्यांनी हो म्हटलं, म्हणजे रजेला हो म्हटल्यासारखंच झालं.

एक गोष्ट अर्जात मुद्दाम नाही: ‘चार दिवस शक्य नसल्यास तीन चालतील.’ पुष्कळ जण नम्रपणापायी हे लिहितात आणि वाचणारा साहजिकच तीनवर बोट ठेवतो. पर्याय मनात तयार असावा, म्हणजे बुधवारी अर्धा दिवस येऊन दुपारच्या गाडीने सांगलीला निघणं. पण तो बोलण्यात, विचारल्यावर द्यावा.

साहेब म्हणाले, “नाही जमणार, क्लोजिंग आहे,” तर लगेच लग्नाकडे वळू नये. विचारावं, “सर, यातलं कोणतं काम अडेल असं वाटतं?” उत्तर नेमकं आलं, समजा “प्रोव्हिजन तपासताना तू समोर हवीस”, तर बोलणं रजेवरून प्रोव्हिजनवर आलं. १ तारखेला संध्याकाळी तासभर बसून ती तपासता येईल, किंवा बुधवारचा तो अर्धा दिवस तिला देता येईल. उत्तर नेमकं आलं नाही, नुसतंच “नाही म्हणजे नाही” असेल, तर अडचण बहुधा कामाची नसतेच. त्याच आठवड्यात आणखी कोणीतरी रजा मागितलेली असते किंवा मालकांनी काहीतरी सांगितलेलं असतं. अशा वेळी अर्जाची भाषा सुधारून फायदा नाही. एचआरशी बोलावं.

ऑडिटच्या काळात हाच अर्ज चालेल का? बराचसा चालेल, पण एक मुख्य फरक आहे. क्लोजिंगमध्ये आपली गरज काम करायला असते, ऑडिटमध्ये उत्तर द्यायला. ऑडिटरची मुलं, म्हणजे सीएच्या ऑफिसातले आर्टिकल, व्हाउचर काढतात आणि विचारतात, या कंत्राटदाराचा टीडीएस एक टक्क्याने का कापला, दोनने का नाही? त्याचं उत्तर, म्हणजे तो कंत्राटदार व्यक्ती आहे की कंपनी, हे पॅनकार्डवरून कळतं, पण ते पॅनकार्ड कुठल्या फोल्डरमध्ये आहे हे फक्त आपल्याला माहीत असतं. म्हणून ऑडिटमधल्या अर्जात ‘कोण करील’ याऐवजी ‘कागद कुठे आहेत’ याला महत्त्व. ऑडिटरची मागणीची यादी आधी येते. तिच्यातल्या आपल्या बाबींपुढे फोल्डरचं नाव लिहून ती अर्जाला जोडायची.

महाराष्ट्रात हा प्रश्न दरवर्षी एका ठरलेल्या वेळी येतो, गणपतीत. टॅक्स ऑडिटच्या अहवालाची नेहमीची मुदत ३० सप्टेंबर. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला. म्हणजे एका वर्षी कोकणात जाऊन आल्यावर ऑडिटला जवळजवळ महिना उरतो, आणि पुढच्या वर्षी तीच रजा ऑडिटच्या ऐन मध्यात पडते. ‘दरवर्षी गणपतीला जातो, माहीतच आहे’ असं धरून बसलेल्यांची पंचाईत अशाच वर्षी होते. मुदतवाढीवरही विसंबू नये. २०२५ मध्ये ती मिळाली, पण जाहीर झाली २५ सप्टेंबरला. तोपर्यंत ज्याची झोप उडायची त्याची उडून झाली होती. गणपतीच्या रजेच्या अर्जात एक वाक्य फार उपयोगी पडतं: «टीडीएस आणि पुरवठादारांच्या बाबी ऑडिटर्सनी १० सप्टेंबरपूर्वी किंवा २१ नंतर घेतल्यास सोयीचे होईल. आपण त्यांना तसे सुचवावे.» आपण स्वतः ऑडिटरला फोन करून हे ठरवू नये. रजा मंजूर व्हायच्या आधी बाहेरच्या माणसाला कळवलं, की साहेबांना ते खटकतं, आणि ते बरोबरच आहे.

मात्र काही दिवस असे असतात की अर्ज कितीही चांगला लिहिला तरी रजा मागू नये. वर्षअखेरच्या स्टॉकच्या मोजणीचा दिवस त्यातलाच एक. ऑडिटर स्वतः त्या मोजणीला हजर राहतो, आणि ३१ मार्चला संध्याकाळी गोदामात असलेला माल ३ एप्रिलला तसाच नसतो. मोजणीच्या टीममध्ये आपलं नाव असेल तर आधी नाव बदलून घ्यावं, मग रजेचं बोलावं.

ऑडिटच्या काळात रजा मागताना लोकांना आणखी एक भीती वाटते, की आपल्यावर संशय येईल. वस्तुस्थिती उलट आहे. पैशांच्या जागेवर बसलेला आणि वर्षानुवर्षं रजाच न घेणारा माणूस ऑडिटरच्या डोळ्यात जास्त येतो, कारण काही लपवायचं असेल तर ते दुसऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून माणूस खुर्ची सोडत नाही. रिझर्व्ह बँकेने तर संवेदनशील जागांवरच्या बँक कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा किमान दहा कामकाजाचे दिवस सलग, आणि तेही आधी न कळवता, सक्तीच्या रजेवर पाठवावं असा नियम केला आहे. खासगी कंपनीतल्या साहेबांना हे अर्जात लिहून सुनवायची गरज नाही, पण मनातली अपराधी भावना कमी करायला माहीत असावं.

अचानक आलेल्या रजेला वरचं काहीच लागू नाही. वडिलांना रात्री रुग्णालयात न्यावं लागलं, आणि सकाळी ७ तारीख आहे. तिथे अर्ज नको, साहेबांना फोन आणि मागोमाग दोन-तीन ओळींचा मेसेज: «सर, वडिलांना रात्री ॲडमिट केलं आहे, आज येता येणार नाही. टीडीएसचं चलान तयार आहे, भरायचं बाकी आहे. तपशील टेबलावरच्या निळ्या फाइलमध्ये सगळ्यात वर आहे. पवारांना फोन केला आहे. उद्याचं संध्याकाळी कळवते.» त्या दिवशी अडणारं एकच काम सांगायचं. दहा कामांची यादी दिली तर त्यात चलान हरवतं.

मंजुरी मिळाली तरी काम अर्धंच झालेलं असतं. साहेबांनी मान डोलावली, “जा, पण सोमवारी नक्की ये,” असं म्हटलं, तर त्याच मेलला उत्तर देऊन एक ओळ टाकावी: «सर, आज आपण २ ते ५ डिसेंबरची रजा मंजूर केल्याप्रमाणे एचआरच्या पोर्टलवर अर्ज भरला आहे.» पोर्टलवर अर्ज साहेबांच्या क्लिकची वाट बघत पडून राहतो, आणि क्लोजिंगच्या दिवसांत तिकडे कोणी फिरकत नाही. पगाराची हजेरी बंद होईपर्यंत क्लिक झाला नाही, तर चारही दिवस बिनपगारी दिसतात. म्हणून १ तारखेला बीआरएस तपासायला घेऊन जाल, तेव्हा त्यांच्या समोरच पोर्टल उघडून तेवढा क्लिक करून घ्यावा.